पोनीची उंची 'हँड'मधून सेंटिमीटरमध्ये: १४.१ चे १४३ की १४५? (विक्रीची जाहिरात)

मृदुला_हानोव्हर

नमस्कार मंडळी. प्रश्न घोड्याचा आहे, इथे किती जणांना त्यात रस असेल माहीत नाही, पण मराठीत विचारून बघते.

चार वर्षांपूर्वी लेकीसाठी आयर्लंडहून एक कॉनेमारा जातीचा पोनी घेतला. तेव्हा तो चार वर्षांचा होता, आता आठचा. रंगाने राखाडी, स्वभावाने गरीब, आणि खाण्यापुढे त्याला काही सुचत नाही. लेक आता माझ्यापेक्षा उंच झालीय, तिचे पाय त्याच्या पोटाखाली लोंबतात. म्हणून जड मनाने विकायला काढलाय.

आयरिश जाहिरातीत उंची होती 14.1hh, म्हणजे १४.१ हँड. इथे जर्मनीत जाहिरातीच्या अर्जात 'श्टॉकमास' असा उंचीचा रकाना असतो आणि तो सेंटिमीटरमध्येच भरावा लागतो. एक हँड म्हणजे १०.१६ सेंमी असं वाचलं होतं. म्हणून १४.१ गुणिले १०.१६ केलं, १४३.२६ आलं, आणि १४३ लिहून मोकळी झाले.

काल एक कुटुंब दोनशे किलोमीटरवरून बघायला आलं. नऊ वर्षांची बारीकशी मुलगी. बाप गाडीतून मोजायची काठी घेऊनच उतरला. पोनी तबेल्यासमोर उभा केला, काठी लावली, आकडा १४७! बाईंनी चेहरा असा केला की जणू मी त्यांना रेडा दाखवतेय. मुलीला पोनी आवडला होता, पण आई-बाप चहासुद्धा न घेता गेले. मी खोटं लिहिलं नव्हतं हो! चार सेंटिमीटर आले कुठून?

---

गणिती_गोंधळ

ताई, तुमचा गुणाकार बरोबर आहे. एक हँड चार इंचांचा, चार गुणिले २.५४ म्हणजे १०.१६. त्याला १४.१ ने गुणलं की १४३.२६. नेटवरच्या परिवर्तकातही टाकून बघितलं, तेच आलं. त्या माणसाची काठीच चुकीची असणार. नाहीतर भाव पाडायची युक्ती.

---

चिंचगूळ

एक मिनिट, एक हात म्हणजे दीड फूट ना? आमची आजी लुगडं हातावर मोजायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. चौदा हात म्हणजे एकवीस फूट झाले. मृदुला, तू जिराफ पाळला आहेस का?

---

रिसालदार

चिंचगूळ, हा 'हात' तो नव्हे. हा तळहाताच्या रुंदीचा हात, अंगठा धरून. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, सोळाव्या शतकात, तो कायद्याने चार इंचांचा ठरवला गेला आणि घोड्यांच्या बाजारात तसाच चिकटून राहिला. मराठीत 'हात' लिहाल तर लोक लुगडंच मोजतील. आपण सरळ हँड म्हणू.

आता गोंधळराव, तुमचं. गुणाकार बरोबर आहे, पण गुणलेला आकडा चुकीचा आहे. १४.१ मधला टिंब दशांश चिन्ह नाही. क्रिकेटमध्ये १४.१ षटकं म्हणजे काय? चौदा षटकं आणि एक चेंडू. ती तुम्ही कॅलक्युलेटरवर तशीच टाकून धावगती काढाल का? इथेही तेच. चौदा हँड आणि वर एक इंच. षटकात १४.५ नंतर १५ येतं, घोड्यात १४.३ नंतर १५, कारण हँड चारच इंचांचा.

म्हणून आधी सगळ्याचे इंच करायचे. चौदा चोक छप्पन्न, अधिक एक, सत्तावन्न. सत्तावन्न गुणिले २.५४ म्हणजे १४४.७८. म्हणजे १४५ म्हणा. ताईंच्या चारपैकी जवळजवळ दोन सेंटिमीटर इथेच गेले. उरलेले घोड्यापाशी आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. संध्याकाळी नातवाला शिकवणीवरून आणायचं आहे.

(चोवीस वर्षं लष्करात घोड्यांबरोबर काढली, त्यातली बरीचशी मोजकाठी हातात धरून.)

---

गणिती_गोंधळ

अरेच्चा. हे कुणी सांगितलंच नाही कधी. मग परिवर्तकं चूक दाखवतात?

---

रिसालदार

परिवर्तकाला तुम्ही घोड्याचं आहे हे सांगितलंत कुठे? त्याने दशांश समजून गुणलं. १४.१ मध्ये फरक दीड सेंटिमीटरचा पडतो. १४.३ मध्ये तो साडेचार-पाचवर जातो: बरोबर आकडा १४९.८६, आणि कॅलक्युलेटर म्हणणार १४५.२९. टिंबानंतर शून्य असेल तेव्हा मात्र काहीच चुकत नाही, म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही.

---

सातपुडा

राम राम मंडळी. मी शहाद्याचा. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोडेबाजार भरतो, तापीच्या काठी. तिथं हँड-बिंड काही नाही, सरळ इंचात बोलतात. "बासष्ट इंची घोडी", "पासष्ट इंची घोडा" असं. म्हणून ही भानगडच नाही.

पण दुसरी भानगड आहे. तीन वर्षांमागं मी एक कुमैत घोडा घेतला. व्यापाऱ्यानं माझ्यासमोर टेप लावून पासष्ट इंच दाखवला. टेपचं टोक पायाखाली दाबलं, वर खांद्यापर्यंत नेला, आकडा मी स्वतः वाचला. घरी आणला, आमच्या डॉक्टरनं काठी लावली तर बासष्ट. तीन इंच रस्त्यात पडले म्हणायचे! पैसे तर पासष्टचे दिलेले. नालायकपणा कुणाचा, टेपचा की माझा, आजवर समजलं नाही.

---

मृदुला_हानोव्हर

रिसालदार काका, षटकांचं उदाहरण वाचून कपाळाला हात लावला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हे मला विचारलं असतंस तर..." घोड्याची शेपूट कुठे असते हेही त्याला माहीत नाही.

पण सातपुडा यांचं वाचून घाबरले आहे. आज सकाळी मीही टेप लावला, शिवणकामाचा, दोन जोडून. पुढच्या खुरापासून वर खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत. आकडा आला १५५! तीन वेळा मोजला. आता हे काय? पोनीची हद्द १४८ ची म्हणतात. १५५ असेल तर तो पोनीच राहत नाही आणि निम्मे गिऱ्हाईक जातं. काल १४७, आज १५५, उद्या काय उंट होणार?

---

रिसालदार

ताई, शांत व्हा. सातपुडा भाऊ, तुमचंही उत्तर यातच आहे.

घोड्याची उंची ही जमिनीपासून सरळ उभी रेघ असते. टेप मात्र सरळ जात नाही. तो खुरावरून निघतो, पायाला टेकत वर येतो आणि मग खांद्याच्या गोलाईवरून वळसा घेत उंचवट्यावर पोचतो. जेवढं मांस जास्त, तेवढा वळसा मोठा. ताईंचा पोनी खादाड आहे असं त्यांनीच लिहिलंय. आठ-दहा सेंटिमीटर सहज वाढतात. जर्मनीत तर या दोन मापांना नावंच वेगळी आहेत: काठीचं ते श्टॉकमास, टेपचं ते बांटमास. अर्जातला रकाना काठीचा आहे, तिथे टेपचा आकडा चालणार नाही. सातपुडा भाऊ, तुमचे तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. घोडा चांगला भरलेला होता एवढंच त्यावरून कळतं.

काठीनेच मोजा. काठी उभी, तिच्यावर वरखाली सरकणारी आडवी दांडी, आणि दांडीवर पाणसळीचा बुडबुडा. बुडबुडा मध्यावर नसेल तर वाचलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

जागा सपाट आणि कडक हवी, काँक्रीट उत्तम. तबेल्यासमोर पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही. काठी उताराच्या खालच्या अंगाला टेकली की सेंटिमीटरभर उंची फुकट मिळते. पुढचे दोन्ही खूर एका रेषेत, भार चारही पायांवर. डोकं रोजच्यासारखं, ना ताणलेलं ना गवताला लागलेलं. डोकं खाली घातलं की खांद्यावरचा उंचवटा वर येतो. आणि मोजायची जागा म्हणजे आयाळ संपते तिथला, मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंच बिंदू लागतो तो. पाठीचा मध्य नाही, आणि डोकं तर नाहीच नाही. (हसू नका, डोक्यापर्यंत मोजणारे भेटलेत.)

शेवटचं, नाल. तुमच्या पोनीला आहेत का?

---

मृदुला_हानोव्हर

आहेत, चारही पायांना, लोखंडी. आणि हो, तबेल्यासमोर उतार आहे. दगडी फरशी आहे, तीसुद्धा उंचसखल.

---

रिसालदार

मग हिशेब मांडा. त्या गृहस्थाने वाचला १४७. तुमचा बरोबर हिशेब १४४.८. फरक सव्वादोनच्या आसपास. त्यात नाल साधारण एक सेंटिमीटर. राहिला सव्वा. त्यात थोडा उतार आणि थोडी वाढ. चौथ्या वर्षी घोडं पूर्ण उंच झालेलं नसतं. असले पोनी सावकाश भरतात, पाच-सहा वर्षांपर्यंत थोडे थोडे वाढत राहतात. तुमच्याकडे असलेला १४.१ हा चार वर्षांच्या बछड्याचा आकडा आहे.

शिवाय आयरिश विकणाऱ्याने १४.१ लिहिलं तेव्हा त्याने बहुधा जवळचा पूर्ण इंच धरला असेल. म्हणजे खरी उंची त्याच्या अर्धा इंच वर किंवा खाली असू शकते. म्हणून १४४.७८ असं दोन दशांशांपर्यंत लिहिण्यात काही हशील नाही. मुळात जी बारकाई मापात नव्हती ती गुणाकाराने येत नाही.

---

बाइट_खाणारा

घोड्यातलं मला शून्य कळतं, पण असे बरेच आकडे बदलायचे असतील तर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका. A1 मध्ये हँड लिहायचे.

```
=(INT(A1)*4 + ROUND(MOD(A1,1)*10,0)) * 2.54
```

१४.१ ला १४४.७८ येतं, १५ ला १५२.४. तपासलंय.

---

मृदुला_हानोव्हर

माझं एक्सेल जर्मन आहे. 14.1 लिहिलं आणि एंटर मारलं तर त्याने '१४ जानेवारी' करून टाकलं! आणि सूत्राने पोनीची उंची साडेचार किलोमीटरच्या वर दाखवली. कालच्या बाईंना हा आकडा दाखवायला हवा होता.

---

बाइट_खाणारा

हाहा! जर्मन एक्सेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम लागतो, टिंबाला ते तारीख समजतं. 14,1 लिहा, आणि सूत्र असं:

```
=(GANZZAHL(A1)*4+RUNDEN(REST(A1;1)*10;0))*2,54
```

---

यॉर्कशायरची_वहिनी

इथे इंग्लंडात जाहिरातीत सर्रास 14.1½ असं लिहितात, म्हणजे चौदा हँड दीड इंच. तुमच्या सूत्रात ते कसं बसवायचं?

आणि एक गंमत सांगते. माझी मुलगी ज्या क्लबात शिकते तिथे पोनींचे गट १२.२, १३.२ आणि १४.२ असे बोलले जातात, पण मोजणीच्या कागदावर लिहितात १२८, १३८, १४८. रिसालदार काकांच्या पद्धतीने १४.२ म्हणजे अठ्ठावन्न इंच, म्हणजे १४७.३२. मग १४८ कसे? मी क्लबात विचारलं तर "तसंच असतं" एवढंच उत्तर मिळालं.

---

बाइट_खाणारा

अर्ध्या इंचासाठी ROUND आणि त्याचा ',0' काढून टाका आणि १४.१५ लिहा. छप्पन्न अधिक दीड, १४६.०५ येतं. पण १४.१५ वाचून उद्या कुणी पंधरा इंच समजलं तर मला बोलू नका.

---

रिसालदार

वहिनी, सेंटिमीटरमध्ये हद्द बांधताना त्यांनी आकडा थोडा वर सरकवला. १२७ चे १२८, १३७.१६ चे १३८, १४७.३२ चे १४८. खाली सरकवला असता तर इंचांत बसणारे पोनी एका रात्रीत बाहेर गेले असते. म्हणून 'चौदा-दोनचा गट' आणि 'चौदा-दोन उंचीचा पोनी' यांत पाऊण सेंटिमीटरचं अंतर राहतं. जाहिरातीत हद्दीचा आकडा उचलून पोनीची उंची म्हणून छापू नये, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आंतरराष्ट्रीय पोनी स्पर्धांची हद्दही नालांविना १४८, नालांसह १४९ आहे. ताईंच्या पोनीला भीती नाही, तो नालांसकट १४७ आहे.

---

चिंचगूळ

मला एक कळलं नाही. पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू ना? मग तो आठ वर्षांचा होऊन अजून पोनीच कसा?

---

यॉर्कशायरची_वहिनी

चिंचगूळ, पिल्लू म्हणजे शिंगरू. पोनी ही बुटकी जात, म्हातारा झाला तरी पोनीच. तुझी आजी चार फूट दहा इंच होती म्हणून ती लहान मुलगी होती का?

---

चिंचगूळ

आजीला मध्ये आणू नका. ती लुगडं अजून अचूक मोजते.

---

मृदुला_हानोव्हर

अपडेट. शेजारच्या गावातल्या तबेल्यातून बुडबुड्याची काठी आणली, त्यांच्याच यंत्रं ठेवायच्या शेडच्या काँक्रीटवर पोनी नेला. पहिल्यांदा मोजला तर १४८! नवी जागा, मागे ट्रॅक्टर चालू, तो कान टवकारून ताठ उभा होता. ट्रॅक्टर बंद करायला लावला, गाजर दिलं, दहा मिनिटं थांबले. मग त्याने एक पाय सैल सोडला, तो सरळ करून घेतला. यानंतरचे तीन आकडे: १४६.५, १४६, १४६.५. म्हणजे नालांसह १४६.५ धरते.

दुसरं म्हणजे एका आयरिश बाईंची मेल आलीय, त्या पोनी परत तिकडे नेऊ इच्छितात. उंची हँडमध्ये विचारली आहे. नाल वजा करून १४५.५ धरले तर किती हँड सांगू?

---

गणिती_गोंधळ

हे मी करतो, आता शिकलोय. १४५.५ भागिले १०.१६ म्हणजे १४.३२. ताई, १४.३ सांगा.

---

रिसालदार

थांबा! ताई, ती मेल पाठवू नका.

गोंधळराव, जातानाचा खड्डा ओळखलात आणि येताना त्यातच पडलात. १४.३ म्हणजे चौदा हँड तीन इंच, एकोणसाठ इंच, जवळजवळ १५० सेंटिमीटर. ते वाचून आयरिश बाई म्हणतील, हा तर पोनीच्या हद्दीबाहेर गेला, आणि पुढे लिहिणारच नाहीत. तुमच्या १४.३२ मधला .३२ हा हँडचा भाग आहे, इंच नव्हेत. त्याला चाराने गुणा, सव्वा इंच येतो.

त्यापेक्षा इंचांवरूनच जा. १४५.५ भागिले २.५४ म्हणजे ५७.२८. त्यातून छप्पन्न गेले की चौदा हँड, उरला सव्वा इंच. 14.1 सांगा, आणि सोबत सेंटिमीटरचा आकडाही द्या. दोन्ही असले की समोरचा आपला आपण ताळा करतो.

---

गणिती_गोंधळ

मी आता फक्त वाचतो.

---

सातपुडा

म्हणजे चार वर्षांनी फिरून तोच १४.१ आला! मग वाढला कुठं, काका?

---

रिसालदार

अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने वाढला असेल, किंवा तेव्हा नालांसकट मोजून १४.१ लिहिला असेल आणि त्याहून जास्त वाढला असेल. त्या वेळी काठी कशी धरली होती हे कुणाला ठाऊक? चार वर्षांपूर्वीचं आता कळायचं नाही.

---

यॉर्कशायरची_वहिनी

मृदुला, जाहिरातीत काय लिहिणार आहेस? माझ्या मते १४६ लिही. माणसं काठी घेऊन येतात, नाल पायातच असतात, त्यांना १४६ किंवा १४७ दिसेल आणि कुणी भांडणार नाही.

---

रिसालदार

मला पटत नाही, वहिनी. १४६ हा ना नालांसह आहे ना नालांविना. मधलाच आकडा लिहिला की दोन्हीकडून विचारणा होते. '१४६.५, नालांसह, काठीने, अमुक महिन्यात मोजले' असं लिहावं. ओळ लांब होते, होऊ द्या.

---

यॉर्कशायरची_वहिनी

काका, त्या रकान्यात तीनच अंक बसतात हो! आणि आई-बाप आकड्यावर चाळणी लावून शोधतात. १४६ पर्यंत शोधणाऱ्याला १४७ वाला दिसणारच नाही.

---

मृदुला_हानोव्हर

रकान्यात खरंच तीनच अंक बसतात. नवरा म्हणतो १४६, लेक म्हणते १४५ कारण "तो अनवाणी तेवढाच आहे." तूर्त रकान्यात १४६ टाकून खालच्या मजकुरात काकांची लांब ओळ लिहिली आहे. शुक्रवारी नालबंद जुने नाल काढणार आहे. नवे ठोकायच्या आधी पाच मिनिटं थांब म्हणून सांगितलंय, काठी घेऊन उभी राहीन.

आणि त्या दोनशे किलोमीटरवाल्या बाईंनाही हिशेब लिहून पाठवला, षटकांचं उदाहरण सोडून. अजून उत्तर नाही.

---

सातपुडा

ताई, शुक्रवारचा आकडा इथं टाका. मी पण माझ्या कुमैताचे नाल काढून मोजणार आहे. बासष्टातले अजून किती जातात बघतो.